‘करण्यात यावे’ म्हणजे नेमकं कोणी करावे?

२०१७ च्या फेब्रुवारीत मी चाकणच्या एका कारखान्यात सेफ्टी ऑफिसर म्हणून रुजू झालो. गाड्यांचे पत्र्याचे सुटे भाग बनवायचा धंदा. प्रेस शॉप, वेल्डिंग, थोडी असेंब्ली, एक टूलरूम. कायम कामगार एकशे नव्वदच्या आसपास आणि कंत्राटी तेवढेच, किंवा जास्तच. आमच्या आकाराच्या कारखान्याला कायद्याने सेफ्टी ऑफिसर ठेवायची सक्ती नव्हती, पण गाडीवाल्या गिऱ्हाइकाने ऑडिटमध्ये विचारलं होतं, म्हणून माझी नेमणूक.

पहिल्याच आठवड्यात एचआरने माझ्या हातात एक जाड रजिस्टर दिलं. सेफ्टी कमिटीचं. तीन वर्षांच्या बैठका, प्रत्येक तिमाहीला एक, तारखा बिनचूक. उघडून बघितलं तर सगळ्या बैठका एकाच अक्षरात, एकाच निळ्या पेनाने लिहिलेल्या. सह्यांचा क्रमसुद्धा दर पानावर तोच. मजकूरही साधारण तोच: ‘हाऊसकीपिंगबाबत चर्चा झाली. योग्य ती कार्यवाही करण्यात यावी. पीपीईच्या वापराबाबत जागृती करण्यात यावी. आभारप्रदर्शनानंतर बैठक संपली.’ तीन वर्षांत त्या पानांवर ‘करण्यात यावे’ किती वेळा आलं ते मी उगाच मोजायला घेतलं आणि साठाच्या पुढे सोडून दिलं.

मार्चमध्ये कारखाना तपासणी झाली. औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाचे अधिकारी आले. त्यांनी रजिस्टर मागितलं, चार पानं उलटली, काही बोलले नाहीत. मग शॉपमध्ये गेल्यावर एका प्रेसजवळ उभ्या असलेल्या ऑपरेटरला त्यांनी विचारलं, “तुमच्या सेफ्टी कमिटीत कामगारांकडून कोण आहे?” त्याने आधी माझ्याकडे बघितलं, मग सुपरवायझरकडे, आणि म्हणाला, “कँटीन कमिटीत आमचे काका आहेत साहेब.” अधिकारी हसले. रजिस्टर परत देताना एवढंच म्हणाले, “पुढच्या वेळी मी पुन्हा हाच प्रश्न विचारणार.”

त्या रात्री नियम काढून बसलो. कारखाना कायदा १९४८ चा, पण कलम ४१-ग त्यात आलं १९८७ मध्ये, भोपाळनंतर. सुरक्षेच्या कारभारात कामगारांचा सहभाग हा त्या कलमाचा विषय. ते धोकादायक प्रक्रियेच्या कारखान्यांसाठी होतं. पण महाराष्ट्राच्या नियमांनी अडीचशे किंवा अधिक कामगार असलेल्या इतर कारखान्यांनाही कमिटी लागू केली होती. व्यवस्थापनाचे आणि कामगारांचे प्रतिनिधी समसमान. अध्यक्ष असा वरिष्ठ अधिकारी, ज्याच्या पदात काही करून दाखवायची ताकद आहे. सेफ्टी ऑफिसर असेल तर तो सचिव. फॅक्टरीचे डॉक्टर असतील तर ते. आणि प्रॉडक्शन, मेंटेनन्स, परचेस यांचा प्रत्येकी एक. कामगारांचे प्रतिनिधी कामगारांनी निवडून द्यायचे. मुदत दोन वर्षं. तीन महिन्यांतून निदान एक बैठक. (आता २०२० च्या कामगार सुरक्षा संहितेतही कमिटी आहे, आणि कामगारांचे प्रतिनिधी मालकाच्या प्रतिनिधींपेक्षा कमी नसावेत असं ती म्हणते. मी सांगतोय ते जुन्या कायद्याच्या काळातलं.)

त्या यादीतला ‘परचेस’ हा शब्द मला तेव्हा विचित्र वाटला होता. खरेदी खात्याच्या माणसाचं सेफ्टीत काय काम? ते कळायला मला चार महिने लागले.

निवडणुकीवर पहिला वाद झाला. एचआर मॅनेजर म्हणाले, “नेमणूक करू ना. चांगली, समजूतदार मुलं आहेत माझ्याकडे.” समजूतदार म्हणजे काय ते मला कळत होतं. मी नियमातली ओळ दाखवली. मग प्रश्न आला कंत्राटी कामगारांचा. ते आपले नाहीतच, ठेकेदाराचे आहेत, असं त्यांचं म्हणणं. पण कारखाना कायद्यातल्या ‘कामगार’ या व्याख्येत ठेकेदारामार्फत कामाला असलेला माणूसही यायचा. शिवाय साधी गोष्ट: प्रेसवर, वेल्डिंगवर बोटं कोणाची जास्त जवळ असतात, तर त्यांचीच. अखेर सहा जागा ठरल्या. प्रेस शॉपच्या दोन, त्यातली एक कंत्राटी कामगाराची. वेल्डिंग, टूलरूम, असेंब्ली आणि स्टोअर यांची प्रत्येकी एक. यातला निदान एक जण रात्रपाळीचा असावा, अशी मी अट घातली.

नोटीस मराठी आणि हिंदीत लावली, कारण हेल्पर निम्मे बिहार आणि ओडिशाचे. कँटीनमध्ये जेवणाच्या सुट्टीत बिस्किटांचा रिकामा डबा ठेवला, त्याला वरून फट पाडली. दोन जागा बिनविरोध झाल्या. टूलरूममध्ये मात्र चुरस झाली आणि अण्णा निवडून आले. वय पंचावन्न, डाय फिटर, तोंडाने फटकळ. एचआर मॅनेजरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, “हा माणूस त्रास देणार.” असेंब्लीतून एक ताई आल्या. रात्रपाळीकडून प्रेसवरचा एक कंत्राटी ऑपरेटर आला, वय चोवीस, पहिल्या दोन बैठकांत एक शब्द बोलला नाही.

व्यवस्थापनाकडून प्लँट हेड अध्यक्ष, मी सचिव, प्रॉडक्शन मॅनेजर, मेंटेनन्सचे इंजिनिअर, परचेसचे ऑफिसर आणि आठवड्यातून दोनदा येणारे डॉक्टर. सहाला सहा.

वर्षभर दर महिन्याला बैठक घ्यायची असं ठरवलं. वेळ दुपारी दोन ते साडेतीन, म्हणजे पहिली पाळी सुटायच्या आधीचा दीड तास. रात्रपाळीच्या मुलाला झोपेतून उठून यावं लागे, म्हणून तो वेळ कामाचा धरून त्याला ओव्हरटाइम द्यायचा, हा पहिल्या बैठकीतला पहिला निर्णय. हे लिहून घेतलं नसतं तर तो तिसऱ्या बैठकीला आला नसता, आणि मग पुढे जे झालं ते झालंच नसतं.

पहिल्या बैठकीत दीड तासापैकी पन्नास मिनिटं कँटीनच्या चहात गेली. साखर कमी, कप लहान, मग गणवेशाचं कापड, मग बसचा थांबा. लोकांची चूक नव्हती. वर्षानुवर्षं कोणी विचारलं नव्हतं, आणि विचारल्यावर पहिल्यांदा जे मनात असतं ते बाहेर येतं. पण मी एक वेगळा कागद काढला, त्यावर ‘एचआरकडे’ असं लिहिलं, आणि असलं जे येईल ते त्यावर टाकत गेलो. पुढच्या बैठकीत त्या कागदाचं काय झालं तेवढं एका वाक्यात सांगायचं, चर्चा नाही. चहाचे कप दोन महिन्यांनी खरंच मोठे झाले.

अजेंडाचा क्रम मी उलटा केला. पूर्वी पहिला विषय स्वागत, शेवटचा विषय ‘मागील बैठकीतील विषयांचा आढावा’, आणि तिथे पोचेपर्यंत पाळी सुटायची. आता पहिला विषय आढाव्याचा. नवे विषय जास्तीत जास्त पाच. अजेंडा पाच दिवस आधी प्रत्येकाच्या हातात, मराठीत, आणि टाइम ऑफिसच्या फळ्यावर एक प्रत. बैठकीच्या आधी अर्धा तास सगळ्यांनी मिळून एकाच विभागातून चालत जायचं. अध्यक्षांनीसुद्धा. आपण ज्या प्रेसबद्दल बोलतोय ती बघून आलेला माणूस वेगळं बोलतो.

मिनिट्सचं मी एकच केलं: क्रियापदाला कर्ता दिला. ‘गार्ड बसवण्यात यावे’ हे वाक्य आपल्या भाषेत शुद्ध आहे, पण त्यात माणूस नाही. सरकारी पत्रांतून आपल्या हाडात मुरलेली ही सवय. म्हणून मी ठरवलं, प्रत्येक निर्णयात हुद्दा आणि तारीख: ‘मेंटेनन्स इंजिनिअर २१ ऑगस्टपर्यंत बसवतील.’ आश्चर्य म्हणजे असं लिहायला लागल्यावर बैठकीतच भांडणं सुरू झाली. “माझं नाव का? पत्रा कोण देणार मला?” हे भांडण पूर्वी बैठकीनंतर, फोनवर, तीन महिन्यांनी व्हायचं, किंवा व्हायचंच नाही.

आता तिसऱ्या बैठकीतला दुसरा विषय. आम्ही त्याला ‘तीन-बटे-दोन’ म्हणायचो, कारण प्रत्येक विषयाचा नंबर बैठक-बटे-विषय असा होता आणि तो मिटेपर्यंत बदलायचा नाही.

रात्रपाळीचा तो मुलगा पहिल्यांदा बोलला. हिंदीत, खाली बघत: “चौदा नंबर पे एक बटन में गुटका डालते हैं सर.” चौदा नंबर म्हणजे चाळीस टनी जुनी प्रेस. तिला दोन हातांची बटणं होती. दोन्ही दाबल्याशिवाय स्ट्रोक सुटत नाही, म्हणजे दोन्ही हात डायच्या, पत्र्याला आकार देणाऱ्या साच्याच्या, बाहेर. त्यातलं डावं बटण लाकडाच्या ठोकळ्याने कायमचं दाबून ठेवायचं, आणि एका हाताने काम करायचं.

प्रॉडक्शन मॅनेजर लगेच म्हणाले, “शिस्तीचा प्रश्न आहे. ऑपरेटरला मेमो द्या, विषय संपला.” प्लँट हेडनी मान हलवली. मी लिहायला पेन उचललं, तेवढ्यात अण्णा म्हणाले, “मेमो द्या की. पण तो गुटका कशाला घालतोय ते बघायला कोण जाणार?”

दुसऱ्या दिवशी अण्णा, मी आणि मेंटेनन्स इंजिनिअर चौदा नंबरवर उभे राहिलो. जॉब लांबट पट्टीचा ब्रॅकेट होता. पट्टी डायमध्ये ठेवायची, तिला बसायला दोन लोकेटिंग पिना. अण्णांनी पट्टी ठेवली आणि हात काढला. पट्टी हळूच कलली, एक टोक पिनेवरून सुटलं. पुन्हा ठेवली, पुन्हा कलली. पिना झिजून आखूड झाल्या होत्या. म्हणजे स्ट्रोक पडेपर्यंत पट्टी कोणीतरी धरून ठेवायलाच हवी. ऑपरेटरला दोनच हात. एक पट्टीला, एक बटणाला, आणि राहिलेल्या बटणाला गुटका. चूक डायची, मेमो माणसाला.

इथे थांबलो असतो तर पिना बदलून विषय मिटवला असता. पण पुढच्या बैठकीत प्लँट हेड उत्साहात होते. “सगळ्या प्रेसना लाइट कर्टन लावून टाकू. हात आत गेला की मशीन बंद.” पैसे देणारा माणूस स्वतःहून म्हणतोय म्हटल्यावर मी तर खूश. अण्णा म्हणाले, “साहेब, चौदा नंबर पिन क्लचची आहे.”

हे समजून घ्यायला मला फळ्यापाशी जावं लागलं. पिन क्लचच्या प्रेसमध्ये फ्लायव्हील सतत फिरत असतं. बटण दाबलं की पिन सुटते आणि फ्लायव्हीलमधल्या खाचेत जाऊन अडकते. एकदा अडकली की रॅम, म्हणजे वरून दाबणारा भाग, खाली जाऊन वर येईपर्यंत ती सुटत नाही. मध्येच थांबवता येत नाही. लाइट कर्टनने ‘हात आहे, थांब’ असा सिग्नल दिला तरी तो ऐकणारं त्या मशीनमध्ये कोणी नाही. न्यूमॅटिक क्लच आणि ब्रेकच्या प्रेसला, जसा आमचा नऊ नंबर, ते चालतं.

मग मेंटेनन्स इंजिनिअरने विचारलं, “पण दोन हातांची बटणं आहेत ना? ती नीट वापरली तर पुरे नाहीत का?” तेव्हा मी एक हिशेब मांडला, जो मी खरं तर पहिल्याच आठवड्यात मांडायला हवा होता. बटण दाबल्यावर खाच पिनेसमोरून नुकतीच गेलेली असेल, तर पिनेला जवळजवळ पूर्ण एक फेरा वाट बघावी लागते. पुढचा अर्धा फेरा रॅम खाली यायला. म्हणजे वाईटात वाईट दीड फेरा. चौदा नंबरला मिनिटाला साठ स्ट्रोक, एक फेरा एक सेकंदाचा. दीड सेकंद. या हिशेबात हात सेकंदाला सुमारे १.६ मीटर जातो असं धरतात. १.६ गुणिले १.५, म्हणजे २.४ मीटर. बटणं डायपासून निदान एवढ्या लांब हवीत, नाहीतर बटण सोडून, कललेली पट्टी सरळ करायला गेलेला हात स्ट्रोकच्या आधी डायमध्ये पोचतो. आमची बटणं किती लांब होती? ताईंनी खाली जाऊन टेप लावून आणलं: चाळीस सेंटीमीटर.

त्या खोलीत काही वेळ कोणी बोललं नाही. मग मी जुनं रजिस्टर उघडलं. दोन वर्षांपूर्वीच्या पानावर होतं: ‘सर्व प्रेसना टू-हँड बटणे बसवण्यात आली. विषय बंद.’ खाली पाच सह्या.

उपाय ठरला तो जुनाच आहे, आणि कंटाळवाणा आहे: डायभोवती पक्का गार्ड, बोट आत जाणारच नाही असा, आणि पट्टी बाहेरून आत सरकवायची फट. त्यासाठी चार कामं लिहिली. आजच्या आज हा जॉब नऊ नंबरवर हलवणे, प्रॉडक्शन मॅनेजर. लोकेटिंग पिना नव्या, टूलरूम, दहा दिवस. गार्ड, मेंटेनन्स, तीन आठवडे. आणि पिन क्लचच्या बाकीच्या अकरा प्रेस अशाच तपासणे, मी, एक महिना.

पाठपुराव्याचा तक्ता साधा होता, कॉम्प्युटरवर, आणि त्याची प्रिंट शॉपच्या फळ्यावर. काम, कोण, कधीपर्यंत, स्थिती. पण त्यात दोन गोष्टी मी हट्टाने ठेवल्या. पहिली, मूळ तारीख कधीही खोडायची नाही. मुदत वाढली तर शेजारच्या रकान्यात नवी तारीख, पुन्हा वाढली तर आणखी एक रकाना. तीन तारखा शेजारी शेजारी दिसल्या की कोणाला काही विचारावं लागत नाही. दुसरी, ‘काम झालं’ आणि ‘बंद’ या दोन वेगळ्या स्थिती. काम झालं असं करणारा म्हणतो. बंद करायचं ते विषय ज्याने मांडला त्याने, मशीन चालू असताना बघून, सही करून. दुसरी अट घातली तेव्हा प्रॉडक्शन मॅनेजर म्हणाले, “म्हणजे हेल्पर माझं काम पास करणार?” प्लँट हेडनी, मला अपेक्षा नसताना, “हो,” म्हटलं.

पिना दहा दिवसांत झाल्या. जॉब बैठकीच्या दिवशीच नऊ नंबरवर गेला होता. आणि आठव्या दिवशी रात्री परत चौदावर आला. नऊवर दुसरी अर्जंट ऑर्डर चढली होती. मला ते कळलं, कारण रात्रपाळीच्या मुलाने सकाळी सुटताना टाइम ऑफिसात चिठ्ठी ठेवली होती. कमिटीला मशीन थांबवायचा अधिकार नसतो. ती सांगू शकते, विचारू शकते, लिहू शकते. थांबवू शकतो तो कारखान्याचा कारभार चालवणारा. अध्यक्ष वरिष्ठ हवा असं नियमात का लिहिलंय ते त्या सकाळी साडेसातला समजलं. प्लँट हेडना फोन केला आणि आठच्या आत डाय उतरली. एखादा कनिष्ठ अधिकारी अध्यक्ष असता तर ती चिठ्ठी पुढच्या बैठकीच्या अजेंडावर गेली असती.

गार्डची तारीख मात्र गेली. एकदा, मग दुसऱ्यांदा. मेंटेनन्स म्हणे गार्डच्या जाळीचं इंडेंट, म्हणजे खरेदीचं मागणीपत्र, दिलंय, स्टोअर म्हणे परचेसकडे आहे. परचेस ऑफिसर सलग दोन बैठकांना आले नव्हते. बदली म्हणून एक मुलगा पाठवायचे, तो सगळं लिहून न्यायचा आणि ‘साहेबांना सांगतो’ म्हणायचा. तिसऱ्यांदा अध्यक्षांनी बैठक दहा मिनिटं थांबवून त्यांना बोलावून घेतलं. ते आले, कागद बघितला आणि शांतपणे म्हणाले, “यात सेफ्टीचं आहे असं कुठे लिहिलंय? माझ्याकडे रोज ऐंशी इंडेंट येतात. जाळीचं इंडेंट रंगाच्या डब्यांबरोबर आलं. मी दोन्ही मिळून मागवणार होतो, वाहतूक वाचते.” त्यांची बाजू खोटी नव्हती. त्याच बैठकीत त्यांनीच सुचवलं: कमिटीच्या कामाच्या इंडेंटवर विषयाचा नंबर लाल शाईने टाका, तो मी वेगळा काढेन. तेव्हापासून ३/२, ५/१ असे लाल आकडे स्टोअरभर दिसायला लागले. परचेसचा माणूस नियमात का आहे, हा माझा प्रश्न सुटला.

गार्ड बसला. मेंटेनन्सने तक्त्यात ‘काम झालं’ टाकलं. बंद करायला गेलो आम्ही तिघं: रात्रपाळीचा मुलगा, ताई आणि मी. गार्ड मजबूत होता, बोल्टने घट्ट. पण पट्टी सरकवायची फट चाळीस मिलिमीटर ठेवली होती, ‘ऑपरेटरला सोपं जावं म्हणून’. ताईंनी चार बोटं जोडली आणि गार्डच्या बाहेरून डायच्या कडेपर्यंत आरामात नेली. मशीन अर्थात बंद होती. पट्टी तीन मिलिमीटर जाड. तिला आठची फट भरपूर झाली, आणि आठपर्यंतच्या फटीला डायपासून वीस मिलिमीटरचं अंतर ठेवलं तरी पुरतं. चाळीसच्या फटीला तेच अंतर जवळजवळ पाऊण-एक मीटर लागतं. म्हणजे तो गार्ड होता, पण नुसता दिसायला. तक्त्यात ‘काम झालं’च्या पुढे मुलाने स्वतःच्या हाताने लिहिलं, ‘नहीं हुआ’. तो शब्द मी तसाच ठेवला.

फट कमी केली, पुन्हा बघितलं, आता ठीक. पुन्हा तिथेच थांबलो असतो. पण अण्णांनी विचारलं, “नंबर किती निघतायत?” पूर्वी तासाला पावणेचारशे नग निघायचे. गार्डनंतर पहिल्या आठवड्यात तीनशे. टार्गेट मात्र जुनंच, आणि इन्सेंटिव्ह टार्गेटवर. म्हणजे आम्ही काय केलं होतं? गार्ड लावून ऑपरेटरच्या खिशातून पैसे काढले होते. तो आज ना उद्या गार्डचे बोल्ट ढिले करणार, हे कोणालाही दिसत होतं. पाचवं काम लिहिलं: प्रॉडक्शन मॅनेजर आणि एचआर मिळून या जॉबचं टार्गेट नव्याने ठरवतील. या एका ओळीवर जेवढा वाद झाला तेवढा गार्डवर झाला नव्हता. दोन बैठका गेल्या. शेवटी वेळ मोजून तीनशे वीस ठरलं. मी मिनिट्समध्ये प्रॉडक्शन मॅनेजरांचा विरोधही लिहिला, त्यांच्या शब्दांत, कारण त्यांनी तसं मागितलं. मिनिट्समध्ये सगळे एकमताचे दिसले पाहिजेत असं कुठे आहे? विरोध लिहिला म्हणून ते सहीला तयार झाले.

३/२ बंद व्हायला साडेचार महिने लागले. तक्त्यात त्याच्यासमोर मूळ तारखेशिवाय आणखी तीन तारखा. अकरा प्रेसपैकी सातांना नवे गार्ड लागले, दोन भंगारात काढल्या, दोनवर असे जॉब होते की हात आत न्यावाच लागत नव्हता.

सगळेच विषय असे गेले नाहीत. फोर्कलिफ्टच्या वाटेवर पिवळे पट्टे मारले, ते तीन महिन्यांत पुसले गेले, पुन्हा मारले, पुन्हा पुसले. स्टोअरच्या कोपऱ्यावरचा आरसा कोणीतरी दाढीसाठी वाकवून ठेवायचा. पहिल्या वर्षात एकूण अठ्ठावन्न विषय आले, एकेचाळीस बंद झाले. उरलेल्या सतरांपैकी निम्मे ‘पुढच्या बजेटमध्ये’ या रकान्यात जाऊन बसले. ‘बजेट’ हा शब्द ‘करण्यात यावे’चा धाकटा भाऊ आहे, एवढं मी शिकलो. म्हणून त्या रकान्यालाही तारीख लावली: बजेटची बैठक कधी, आणि तिथे हा विषय कोण मांडणार.

दुसऱ्या वर्षी तपासणीला तेच अधिकारी आले. रजिस्टर बघितलं, यावेळी सावकाश. शॉपमध्ये जाऊन त्यांनी खरंच तोच प्रश्न विचारला, एका नव्या हेल्परला, ज्याला लागून तीन आठवडे झाले होते. त्याने नाव नाही सांगितलं. चौदा नंबरकडे बोट दाखवून म्हणाला, “वो रात वाला भैया.”

२०१९ च्या एप्रिलमध्ये मुदत संपली आणि पुन्हा निवडणूक झाली. यावेळी प्रेस शॉपच्या कंत्राटी जागेला चौघे उभे राहिले आणि बिस्किटाचा डबा पुरला नाही, पाण्याच्या जारचा खोका आणावा लागला. अण्णा निवृत्त झाले होते. नव्या कमिटीला पहिल्या बैठकीत जुने उघडे विषय सोपवायचे असतात, ते मी तक्त्यावरून वाचून दाखवले. नऊ होते. सर्वांत जुना ६/४: प्रेसवरच्या सूचना ओडियात लिहून लावणे. जबाबदारी, सेफ्टी ऑफिसर. समोर पाच तारखा. नव्या प्रतिनिधींपैकी एकाने हात वर केला आणि विचारलं, “सर, हे सेफ्टी ऑफिसर म्हणजे तुम्हीच ना?”